निळी ताडपत्री आणि आज्याचं नाव

माझं दुकान एसटी स्टँडच्या समोर, फ्लेक्स, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, म्हणजे मालवण तालुक्यात जो माणूस जन्मतो, लग्न करतो किंवा निवडणुकीला उभा राहतो तो एकदा तरी माझ्या स्क्रीनवरून जातोच, आणि गेल्यावर त्याच्या मागची भिंत, दोरीवरचे कपडे नि बाजूला उभा असलेला मेव्हणा काढून टाकायचं काम माझं. वीस वर्षं हेच करतोय. म्हणून जवळच्या हायस्कुलातल्या कॉम्प्युटरच्या मॅडम जेव्हा दुकानात येऊन म्हणाल्या की नववीच्या पोरांना बॅकग्राउंड एडिटिंग शिकवाल का, मार्चमधले दोन शनिवार, दोन-दोन तास, पैसे काही नाहीत, तेव्हा मी हो म्हटलं आणि रात्री बिलबुकाच्या पाठीमागे प्लॅन लिहायला बसलो.

तो प्लॅन अजून माझ्याकडे आहे. पहिली ओळ: टूल्सची ओळख, वीस मिनिटं. दुसरी: सिलेक्शनचे प्रकार, तीस मिनिटं. तिसरी: सराव. वाचायला मस्त वाटतो, सरकारी जीआरसारखा, आणि पहिल्या शनिवारी साडेआठ वाजेपर्यंत त्याचा चुथडा झाला होता.

लॅबमधे बारा कॉम्प्युटर, चालू सात, पोरं एकवीस. म्हणजे एका स्क्रीनपुढे तीन डोकी. नेट नाही, म्हणजे आहे पण ते ऑफिसात आहे. मी हे धरूनच चाललो होतो म्हणून पेनड्राइव्हवर गिम्पचा, म्हणजे फोटो एडिटिंगच्या फुकट सॉफ्टवेअरचा, इन्स्टॉलर घेऊन गेलेलो, तोही जुना २.१० वाला, कारण त्या मशीनवर विंडोज ७ आणि गिम्प ३ ला किमान विंडोज १० लागतं. ब्राउजरमधे चालणारं फोटोपी पण फुकट आहे आणि चांगलं आहे, पण ते उघडायलाच नेट हवं, मग प्रश्नच मिटला. शिवाय एका पोराने लगेच विचारलं की सर मोबाइलवर एका टॅपमधे बॅकग्राउंड जाता, मग ह्यां कित्याक? बरोबर प्रश्न आहे. मी त्याला म्हटलं काढून दाखव. कोणाच्या तरी मोबाइलमधे एक फोटो होता, आंब्याच्या पेटीचा, त्याने त्यावर टॅप केलं आणि पेटी सुटी झाली, फक्त पेटीतला गवताचा पेंढा सगळा छाटला गेला, फळ्यांच्या फटीतून मागचं निळं तसंच दिसत राहिलं, आणि एका आंब्याचा गाल कापलेला. म्हटलं आता हे दुरुस्त कर. आता टॅप कुठे करणार.

तो फोटो वर्गातल्याच एका मुलीचा. तिच्या घरी कलमं आहेत, आजोबा पेट्या भरतात, आणि वडील व्हॉट्सॲप स्टेटसला रेट टाकतात. फोटो अंगणात काढलेला, निळी ताडपत्री अंथरून तिच्यावर लाकडी पेटी, वरच्या थरात आढीतून काढलेले पिकलेले आंबे मुद्दाम लावलेले, कडेने पेंढा बाहेर आलेला, आणि पेटीच्या पुढच्या फळीवर आजोबांचं नाव स्टेन्सिलने मारलेलं. तिला मागचं सगळं काढून पांढरं करायचं होतं, वर रेट लिहायला जागा. मी बिलबुक बाजूला ठेवलं आणि म्हटलं चार तास हाच एक फोटो. सगळ्या सात मशीनवर तोच कॉपी केला. बाकीच्यांनी थोडी कुरकुर केली कारण त्यांना स्वतःला बुलेटवर बसवायचं होतं, पण पेटी हा फार चांगला मास्तर आहे हे मला बघताक्षणी कळलं होतं. तिच्यात सरळ लाकडाची कड आहे, आंब्याची गोल कड आहे, आणि पेंढा आहे. पेंढा म्हणजे केसच. ज्याला पेंढा जमला त्याला नवरीचे मोकळे केस जमतात.

पहिलं काम फोटो लहान करणं, मोबाइलचा चार हजार पिक्सेलचा फोटो त्या मशीनवर नुसता सरकवला तरी गोल चक्र फिरत बसतं. `Image > Scale Image` मधे जाऊन लांब बाजू १६०० केली. स्टेटसला तेवढं पुरतं.

आणि मग मी टूल्सची ओळख वगैरे न करता थेट लेयर मास्क दाखवला. हे मी आयत्या वेळी ठरवलं आणि आता मला वाटतं हीच एक गोष्ट मी बरोबर केली. कारण पोरांना सोडलं की ती पहिल्यांदा इरेझर उचलतात. इरेझरने खोडलं की ते गेलं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, आणि मास्क म्हणजे त्यातल्या फोटोवर टाकलेला पडदा, फोटो खाली अख्खा तसाच असतो, पडद्याला काळा रंग लावला की तिथला फोटो लपतो, पांढरा लावला की परत दिसतो. खोडायचं नाही, लपवायचं. लेयरवर राइट क्लिक, `Add Layer Mask`, त्यात `White (full opacity)`, आणि खाली एक पांढऱ्या रंगाचा नवा लेयर. मग ब्रश घ्या, काळा रंग, आणि ताडपत्रीवर फिरवा. X दाबलं की काळ्याचा पांढरा होतो, चूक झाली की X दाबून परत रंगवा. अर्धा तास नुसतं एवढंच करायला लावलं, लपव आणि परत आण, लपव आणि परत आण.

इथे एक चूक सातही मशीनवर झाली आणि ती होणारच, माझ्याकडूनही अजून होते. लेयरच्या पट्टीत दोन छोटी चित्रं दिसतात, एक फोटोचं नि एक मास्कचं, आणि तुम्ही ज्याच्यावर शेवटचं क्लिक केलंय त्याच्यावर रंग लागतो. फोटोवर क्लिक राहिलं की मास्कऐवजी आंब्यालाच डांबर फासलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे, ब्रश फिरवल्यावर खालचा पांढरा लेयर दिसला तर तुम्ही मास्कवर आहात, काळा पट्टा दिसला तर तुम्ही फोटोवर आहात, Ctrl+Z करा आणि मास्कच्या चित्रावर क्लिक करा. तिसऱ्या रांगेत एका पोराने आख्खी पेटी काळी केली आणि शांतपणे म्हणाला, सर, करपली.

ब्रशने अख्खी ताडपत्री लपवायची तर दिवस जाईल, म्हणून मग सिलेक्शन. आणि इथे ताडपत्रीचा निळा रंग कामाला आला. पेंढा पिवळा, आंबा पिवळा, लाकूड तांबूस, आणि ताडपत्री निळीगर्द, म्हणजे रंगाच्या चक्रात समोरासमोर. सिनेमावाले मागे निळा किंवा हिरवा पडदा लावतात तो ह्याचसाठी, माणसाच्या कातडीत तो रंग नसतो म्हणून कॉम्प्युटरला दोन्ही वेगळे करता येतात. आमच्याकडे तो पडदा प्रत्येक घराच्या पडवीत गुंडाळून ठेवलेला असतो, पावसाळ्यात लाकडांवर घालायला.

टूलचं नाव `Select by Color`, शॉर्टकट Shift+O. ताडपत्रीवर क्लिक केलं की तो रंग जिथे जिथे आहे तिथे सिलेक्ट होतो, फळ्यांच्या फटीतला सुद्धा. फटीतला निळा हाताने काढायला सगळे विसरतात, आणि पांढऱ्या बॅकग्राउंडवर त्या निळ्या रेघा लगेच ओरडून सांगतात की हा फोटो कापलेला आहे. पण पहिल्या क्लिकला ताडपत्रीचे नुसते तुकडे तुकडे सिलेक्ट झाले, कारण ताडपत्रीला सुरकुत्या, एक घडी उन्हात चमकते एक सावलीत काळी पडते, आणि `Threshold`, म्हणजे रंगातला किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, होता १५. पोरं तो वाढवत गेली, तीस, पन्नास, ऐंशी, आणि ऐंशीला पेटीची सावलीतली बाजू पण गिळली गेली. मग मी त्यांना टूलच्या ऑप्शनमधे `Select by` म्हणून जे आहे ते दाखवलं, तिथे `Composite` असतं त्याऐवजी `HSV Hue` करायचं. म्हणजे आता तो रंग किती उजळ किती गडद हे बघत नाही, रंग कुठला एवढंच बघतो. सुरकुती उजळ असो काळी असो, निळी ती निळी. परत क्लिक केलं आणि जवळजवळ सगळी ताडपत्री एका फटक्यात आली. जिथे उन्हाने ताडपत्री पांढरीफटक चमकत होती आणि जिथे पेटीखाली एकदम काळोख होता तेवढे ठिपके राहिले, कारण पांढऱ्याला आणि काळ्याला धड रंगच नसतो, तिथे हा उपाय चालत नाही. ते नंतर ब्रशने.

मग Ctrl+I करून सिलेक्शन उलटं, म्हणजे ताडपत्री सोडून बाकी सगळं, मग `Select > Shrink` एक पिक्सेल, जेणेकरून कडेला निळी किनार राहायला नको, मग `Select > Feather` एक पिक्सेल, आणि जुना मास्क डिलीट करून नवा मास्क `Selection` वरून. पांढऱ्यावर पेटी उभी राहिली, पेंढ्याची काडी न् काडी दिसत होती, वर्गात एकदम ओ झाला. आणि त्या ओ मधूनच त्या मुलीचा आवाज आला.

"सर, आज्याचा नाव गेला!"

खरंच गेलं होतं. स्टेन्सिल निळ्या शाईने मारलेलं. कॉम्प्युटरला काय, निळी ताडपत्री आणि निळं नाव एकच, अक्षरं सगळी भोकं होऊन त्यातून मागचं पांढरं दिसत होतं. फळी स्वच्छ पडली नव्हती, अक्षरांचा आकार होता, पण पांढरा, भुतासारखा.

मी खरं सांगतो, मी हे आधी बघायला हवं होतं, वीस वर्षं नावं आणि फोटो हेच करतोय, पण बघितलं नाही. आणि बरं झालं नाही बघितलं. कारण त्यांना मास्क कशासाठी हे अर्धा तास बडबडून जेवढं कळलं नव्हतं ते आता दोन मिनिटांत कळलं. मास्कवर क्लिक, पांढरा रंग, जाडसा ब्रश, नावावरून एक हात फिरवला आणि आजोबा परत आले, निळ्या शाईसकट. सातपैकी दोन मशीनवर पोरांनी मास्क न करता सिलेक्शन करून सरळ डिलीटची कळ दाबली होती. त्यातल्या एकाने Ctrl+Z ने परत आणलं. दुसऱ्याने मधल्या काळात `Export` करून फाइल बंद केलेली, मूळ फोटोच्याच नावावर. त्याच्या मशीनवर आजोबा गेले ते गेले. पेनड्राइव्हवरून परत कॉपी करून पहिल्यापासून.

तेवढ्यात लाइट गेली. शनिवार संपला. `.xcf` म्हणून सेव्ह करा, लेयर आणि मास्क त्याच फाइलमधे राहतात, जेपीजीमधे राहत नाहीत, हे मी सुरुवातीला सांगायला हवं होतं ते अंधारात सांगितलं.

पुढच्या शनिवारी येताना ती मुलगी दप्तरात एक आंबा घेऊन आली. आदल्या शनिवारी मी म्हटलं होतं की आता कडा बघायच्यात, आणि तिने घरी जाऊन मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला होता. "सर, आंबो पिको हा, पण हंय हिरवो दिसता." स्क्रीनवर बघितलं तर बरोबर, कडेच्या आंब्यांचे ताडपत्रीकडचे गाल हिरवट. ताडपत्री गेली पण तिचा उजेड आंब्यावर राहून गेला. ऊन निळ्या ताडपत्रीवर पडतं, तिथून निळं होऊन उडतं आणि शेजारच्या पिवळ्या सालीवर बसतं, आणि पिवळ्यावर निळ्याची झाक म्हणजे हिरवट. ज्या निळ्याने आदल्या शनिवारी पेंढा वाचवला त्यानेच आंबा कच्चा करून टाकला. ताडपत्री मागे दिसत होती तेव्हा डोळा ते चालवून घेत होता, बॅकग्राउंड पांढरं केलं आणि ते उघडं पडलं. बांद्र्याचा गिऱ्हाईक हा फोटो बघून म्हणणार, आंबे हिरवे आहेत, पुढच्या आठवड्यात बघू.

उपाय असा की सगळ्यात वर एक नवा रिकामा लेयर घ्यायचा, त्याचा `Mode` करायचा `HSL Color`, मग ब्रश हातात असताना Ctrl धरून त्याच आंब्याच्या चांगल्या बाजूवर क्लिक करायचं म्हणजे तो पिवळा ब्रशला लागतो, ब्रशची `Opacity` पंचवीस, आणि हिरवट गालावर हलक्या हाताने दोन-तीनदा. ह्या मोडमधे फक्त रंग बदलतो, उजेड-अंधार तसाच राहतो, म्हणून आंब्याची गोलाई जात नाही. साध्या मोडमधे तेच केलं तर आंबा प्लास्टिकचा होतो, दोन पोरांनी करून बघितलं, मी मुद्दाम करू दिलं.

आता अडचण अशी की एकदा हातात हे आलं की पोरं थांबत नाहीत. एका मशीनवर सगळेच आंबे केशरी झाले, देठाजवळचा जो खरा हिरवेपणा असतो तो पण गेला. मी म्हटलं हे काय, तर म्हणे सर, असो आंबो पटकन् जाता. तेव्हा तिने दप्तरातला आंबा काढून स्क्रीनला लावून धरला. त्याच पेटीतला, फक्त आठवडाभर मुरलेला. स्क्रीनवरचे आंबे त्याच्यापुढे औषधाच्या गोळीसारखे दिसायला लागले. लॅबच्या त्या जुन्या मॉनिटरला स्वतःचीच निळसर झाक आहे, त्यामुळे हा काही पक्का पुरावा नाही, म्हणून मी आंबा खिडकीशी नेऊन बघायला लावला, मग स्क्रीन, परत खिडकी. ताडपत्रीने लावलेला हिरवा काढा, झाडाने दिलेला ठेवा, एवढा एकच नियम मी त्या दिवशी सांगितला. देठाजवळचं हिरवं त्याने Ctrl+Z दाबत दाबत परत आणलं, तोंड वाकडं करून.

त्यावरून लगेच दुसरा म्हणाला, "सर, मागे देवगडचो किल्लो टाकूं? देवगड म्हटला की रेट येता." पोरगा हुशार आहे, बापाचा धंदा त्याला कळतो. हापूसला २०१८ मधे जीआय मिळालं त्यात रत्नागिरी पण आहे आणि आख्खा सिंधुदुर्ग पण, म्हणजे मालवण तालुक्यातला आंबा हापूस म्हणून विकायला कोणाची हरकत नाही. पण मागे देवगडचा किल्ला टाकला की तुम्ही न बोलता एक वाक्य बोललात आणि ते खोटं आहे. मी म्हटलं, अरे मेल्या, दारात सिंधुदुर्ग किल्ला असताना देवगडात कशाला जातोस? तर म्हणाला तो पाण्यात आहे, पेटी ठेवणार कुठे. वर्ग हसला, पण ह्याचा मला पुढच्या तासाला उपयोग झाला, कारण पेटी ठेवणार कुठे हाच खरा शेवटचा धडा होता.

पांढऱ्यावर पेटी तरंगत होती. कड स्वच्छ, रंग बरोबर, नाव जागेवर, तरी काहीतरी खोटं, आणि पोरांना ते दिसत होतं पण सांगता येत नव्हतं. सावली नव्हती. मूळ फोटो काढून बघितला, ऊन डावीकडून, सावली उजवीकडे आणि थोडी पुढे. पेटीच्या लेयरखाली नवा लेयर, लंबगोल सिलेक्शन, काळा भरला, `Filters > Blur > Gaussian Blur` ने मऊ केला, लेयरची `Opacity` तीसच्या आसपास, उजवीकडे सरकवला. पेटी खाली आली पण टेकली नाही, वीतभर वर राहिली. कारण सावल्या दोन असतात. एक ही पसरट, फिकी. आणि एक पेटी जिथे जमिनीला प्रत्यक्ष लागते तिथली, रेघेएवढी बारीक आणि जवळजवळ काळी. ती दुसरी सावली छोट्या ब्रशने तळाच्या फळीखाली, वेगळ्या लेयरवर ओढली, अगदी थोडी ब्लर केली, आणि पेटी धप्पकन बसली. मी माझ्या दुकानात सुद्धा वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ही दुसरी सावली कधी घालत नाही, वेळ नसतो, म्हणूनच आमच्या चौकातले सगळे नेते जमिनीपासून चार बोटं वर असतात.

शेवटी कडा तपासायची एक युक्ती, खालच्या पांढऱ्या लेयरला तात्पुरता भडक लाल रंग भरायचा. पांढऱ्यावर जे उजळ ठिपके लपतात ते लालवर दिसतात, ताडपत्रीच्या चमकेचे राहिलेले तुकडे तिथे सापडले, ते मास्कवर काळ्या ब्रशने काढले, मग परत पांढरा. जेपीजी करून मोबाइलवर घेतला. एकीने पारदर्शक पीएनजी पाठवला तर तो तिकडे जाईपर्यंत व्हॉट्सॲपने फोटो म्हणून जेपीजी करून टाकला, आणि जेपीजीला पारदर्शक ठेवता येतच नाही. तसाच हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

बिलबुकावर मी पुढच्या वर्षीसाठी दुरुस्त्या केल्यात. टूल्सची ओळख खोडलं. त्या जागी लिहिलं, पहिला अर्धा तास शाळेच्या आवारात फोटो काढायला. ताडपत्री पेटीच्या खाली नको, मागे लांब दोन हातांवर बांधा, म्हणजे निळा कापायला मिळेल आणि आंब्यावर बसणार नाही. पेटी सावलीत, खाली जुनी पांढरी चादर. एवढं केलं असतं तर दुसऱ्या शनिवारचा निम्मा वेळ वाचला असता. निळ्या शाईबद्दल मात्र काही लिहिलं नाही, ते पुढच्या वर्षीच्या पोरांना पण लागू दे.

फोटो त्याच संध्याकाळी तिच्या वडलांच्या स्टेटसवर चढला, वर डझनाचा रेट, खाली फोन नंबर. सोमवारी ती दुकानात आली, प्रिंट हवी होती आजोबांना दाखवायला, चार बाय सहा. मंगळवारी परत आली तर मी विचारलं काय म्हणाले. आजोबांनी चष्मा लावून प्रिंट उजेडात धरली, आधी आपलं नाव वाचलं, मग बोटाने पेटीच्या चारी बाजूचं पांढरं चाचपलं आणि विचारलं, "पेटी आमचीच ता खरा, पण ही ठेवलंस खंय गो?"